सतराशे कोटी वर्तुळं आणि एक पांढरी कॉलनी

बर्फाच्या डब्यात एक इवलीशी प्लास्टिकची नळी रोवलेली आहे. तिच्या तळाशी 20 मायक्रोलिटर पाणी आहे, डोळ्यांत घालायच्या औषधाच्या अर्ध्या थेंबापेक्षाही कमी. त्या पाण्यात 50 नॅनोग्रॅम प्लास्मिड आहे, म्हणजे डीएनएची छोटी छोटी वर्तुळं. हिशेब केला तर या वर्तुळांची संख्या सुमारे सतराशे कोटी भरते. ती आधी कापली आहेत, त्यांत एक नवं जनुक बसवायला ठेवलं आहे, आणि आता टाके घातले जाण्याची वाट बघायची आहे. नळी उजेडासमोर धरली तर काय दिसतं? पाणी. डीएनए विरघळलेलं पाणी साध्या पाण्यासारखंच दिसतं.

जनुक कापून जोडण्याच्या कामाबद्दल शाळेच्या पुस्तकात 'आण्विक कात्री' आणि 'आण्विक डिंक' असे शब्द वाचलेले असतात. त्यावरून वाटतं की कोणीतरी नेमकं एक जनुक चिमट्यात धरून नेमक्या एका वर्तुळात बसवत असेल. तसं काहीच घडत नाही. सगळं काम आंधळेपणानं, घाऊक प्रमाणात होतं आणि बहुतेक रेणूंच्या बाबतीत ते फसतं. या कामातलं खरं कौशल्य, माझ्या मते, फसलेल्या कोट्यवधींमधून जमलेले थोडे हुडकून काढण्यात आहे. म्हणून इथे एकच साधा प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. जेलीफिशपासून मिळालेलं, हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक ई. कोलाय या जीवाणूत घालायचं आहे. या जनुकाची प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी सुधारित आवृत्ती 720 अक्षरांची आहे. ते वाहून नेणारं प्लास्मिड आहे पीयूसी19. त्याची लांबी 2686 अक्षरं. नावातले 'यूसी' हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नावातून आले आहेत.

सुरुवात कात्रीपासून. ही कात्री माणसानं बनवलेली नाही. जीवाणूंवर विषाणू हल्ला करतात, त्यांना फाज म्हणतात. फाज आपला डीएनए जीवाणूच्या पोटात सोडतो, आणि जीवाणूकडे तो परका डीएनए चिरून टाकणारी एन्झाइम असतात. त्यांच्यामुळे फाजच्या वाढीला आळा बसतो, म्हणून त्यांना 'रेस्ट्रिक्शन', म्हणजे आळा घालणारी, एन्झाइम असं नाव पडलं. मग जीवाणूचा स्वतःचा डीएनए कसा वाचतो? जिथे कात्री चालू शकते त्या प्रत्येक जागी जीवाणू स्वतःच्या डीएनएवर एक बारीकशी रासायनिक खूण, मिथाइल गट, चिकटवून ठेवतो. खूण असेल तिथे कात्री चालत नाही. या शोधासाठी वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना 1978 सालचं नोबेल मिळालं.

आपल्या प्रयोगात दोन कात्र्या आहेत. एक ई. कोलायमधून मिळालेली इको-आर-वन आणि दुसरी हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जीवाणूतली हिन-डी-थ्री. प्रत्येकीला सहा अक्षरांचा आपापला शब्द ओळखता येतो. इको-आर-वन आपला शब्द अशी कापते:

```
5'- G     AATTC -3'
3'- CTTAA     G -5'
```

काप सरळ नाही, पायरीसारखा आहे. दोन्ही बाजूंना चार अक्षरांची शेपटी मोकळी लोंबते. कोणत्याही डीएनएतली अशी दोन टोकं एकमेकांशी जुळू शकतात, मग तो डीएनए जेलीफिशचा असो वा जीवाणूचा. हिन-डी-थ्रीची शेपटीही चार अक्षरांचीच, पण अक्षरांचा क्रम वेगळा. त्यामुळे इको-आर-वनचं टोक हिन-डी-थ्रीच्या टोकाला लागत नाही. आपला सगळा बेत याच गोष्टीवर उभा आहे.

एकाच कात्रीनं वर्तुळ उघडलं तर त्याची दोन्ही टोकं एकमेकांना लागतील अशी राहतात. ती एकाच रेणूची टोकं, सदैव जवळजवळ असलेली. तिसऱ्या कोणाची वाट न बघता ती पुन्हा मिटतात आणि आपलं जनुक बाहेरच राहतं. दोन वेगळ्या कात्र्या लावल्या की टोकं आपसांत जुळतच नाहीत. शिवाय जनुकाची दिशाही पक्की होते. पीयूसी19 मध्ये जनुक 'चालू' करणारी कळ हिन-डी-थ्रीच्या बाजूला आहे. म्हणून जनुकाच्या डोक्याला हिन-डी-थ्रीचा शब्द आणि शेपटाला इको-आर-वनचा शब्द लावायचा. हे शब्द पीसीआरनं जनुकाच्या प्रती काढतानाच टोकांना जोडता येतात. मात्र त्यापूर्वी 720 अक्षरांच्या आत यांतला एखादा शब्द आधीच दडलेला नाही ना, हे बघावं लागतं. असला तर कात्री जनुकाचेच दोन तुकडे करील. या जनुकात दोन्ही शब्द नाहीत. आणखी एक पथ्य असं की जोडलेल्या शब्दाच्या बाहेर पाच-सहा अक्षरं निरर्थक का होईना, ठेवायचीच. अगदी काठावरचा शब्द एन्झाइमला धरता येत नाही. कापड कापताना कडेला धरायला चिमूटभर जागा लागते, तसंच हे.

कापण्याचं काम 37 अंश सेल्सियसला तासाभरात उरकतं. एन्झाइमची कुपी उणे 20 अंशांवर ठेवतात, आणि ते गोठू नये म्हणून त्यात निम्मं ग्लिसरॉल असतं. नवखा माणूस 'जास्त घातलं की जास्त कापेल' असं म्हणून एन्झाइम सढळ हातानं ओततो. त्याबरोबर ग्लिसरॉलही जास्त जातं, आणि अशा वेळी इको-आर-वनची शब्दाची पारख ढिली होते; मिळताजुळता शब्दही ती कापू लागते. म्हणून सगळी एन्झाइम मिळून मिश्रणाच्या एक दशांशापेक्षा जास्त घालायची नाहीत.

कापलं गेलं का, हे बघायला जेल चालवतात. विजेच्या ओढीनं डीएनए जेलमधून सरकतो, लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. अखंड प्लास्मिड पीळ पडलेलं, घट्ट असतं, ते त्याच लांबीच्या सरळ तुकड्यापेक्षा पुढे पळतं. त्यामुळे कापलेलं आणि न कापलेलं यांतला फरक दिसतो. पण इथे एक फसवी जागा आहे. पीयूसी19 वर आपले दोन शब्द एकमेकांपासून सुमारे 50 अक्षरांवर आहेत. दोन्ही कात्र्या चालल्या तर तेवढा चिमुकला तुकडा गळून पडतो. एकच चालली तर तो तसाच राहतो. 2686 आणि 2635 या लांब्यांमधला फरक साध्या जेलवर दिसणं शक्य नाही. पट्टा एकच, सरळ, सुबक, विद्यार्थी खूश. त्यातली किती वर्तुळं एकाच जागी कापली गेली आहेत हे जेल सांगत नाही, आणि तीच वर्तुळं पुढे मुकाट्यानं मिटणार असतात. त्यांचा पत्ता शेवटी थाळीवर लागतो.

आता टाके घालणारं एन्झाइम, लायगेज. याला डिंक म्हणतात ते मला पटत नाही. कापलेल्या टोकांच्या शेपट्या जुळणं म्हणजे टिचबटनं लागणं. इको-आर-वनची चार अक्षरं जुळतात तेव्हा त्यांच्यात फक्त आठ हायड्रोजन बंध असतात. सामान्य तापमानाला ती बटनं लागतात आणि लगेच सुटतात. लागलेल्या त्या क्षणात लायगेज येऊन दोन्ही बाजूंच्या कण्यांमधली फट शिवतं, एका टोकाचा फॉस्फेट दुसऱ्या टोकाच्या हायड्रॉक्सिलशी कायमचा बांधतं. या टाक्यासाठी पेशीतलं इंधन, एटीपी, खर्च होतं. इथून एक पेच तयार होतो. थंडीत बटनं जास्त वेळ लागलेली राहतात, पण लायगेज थंडीत मंदावतं. म्हणून नळी 16 अंशांवर रात्रभर ठेवायची, हा दोघांमधला जुना तोडगा. टी4 नावाच्या फाजपासून मिळणारं हे लायगेज हरगोविंद खुराना यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत पहिलं कृत्रिम जनुक बांधताना टाके घालायला वापरलं होतं. शेपटी नसलेली, बोथट टोकंसुद्धा ते शिवू शकतं हे 1970 मध्ये त्याच प्रयोगशाळेतून पुढे आलं.

जनुक किती घालायचं हे वजनावर ठरवलं तर चुकतं. आपल्याला मोजायचे आहेत रेणू. जनुकाची लांबी प्लास्मिडच्या साधारण पाव आहे, म्हणजे सारख्याच संख्येच्या रेणूंसाठी वजनही साधारण पाव लागेल. 50 नॅनोग्रॅम प्लास्मिडमागे 720 भागिले 2686 या प्रमाणानं 13.4 नॅनोग्रॅम जनुक झालं की एकास एक होतं. एका वर्तुळामागे तीन जनुकं असावीत असा रिवाज आहे, म्हणून 40 नॅनोग्रॅम. फार जास्त घातलं तर जनुकं एकमेकांनाच जुळत बसतात आणि लांबलचक निरुपयोगी साखळ्या होतात.

सकाळी ही नळी बाहेर काढली की त्यात सगळा गोतावळा असतो. नीट बसलेली वर्तुळं, मिटलेली रिकामी वर्तुळं, न जुळलेले सरळ तुकडे, साखळ्या. यांतलं वेगळं काहीच करायचं नाही. चौथा हिस्सा, 5 मायक्रोलिटर, घ्यायचा आणि ई. कोलायच्या डीएच5अल्फा नावाच्या वाणाच्या पेशींत घालायचा.

ई. कोलाय सहजासहजी डीएनए आत घेत नाही. पेशीचं आवरण आणि डीएनए दोघांवर ऋण भार, दोघं एकमेकांना ढकलतात. पेशी थंड कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजवल्या की कॅल्शियमचे धन भार हा विरोध झाकतात असं मानलं जातं. बर्फावर अर्धा तास, मग 42 अंशांच्या पाण्यात जेमतेम 45 सेकंद, आणि लगेच पुन्हा बर्फात. या धक्क्यात काही पेशी डीएनए आत घेतात, बऱ्याच मरतात. वाचलेल्यांना पोषक द्रव देऊन 37 अंशांवर तासभर हलवत ठेवतात. हा तास घाईत वगळला तर कॉलन्या कमी येऊ शकतात. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

पीयूसी19 वर एक जनुक आधीपासूनच आहे, अँपिसिलिन या प्रतिजैविकाला तोडणाऱ्या एन्झाइमचं. अँपिसिलिन पेशीभित्ती बांधण्याच्या कामात खोडा घालतं, त्यामुळे वाढणारी पेशी फुटते. प्लास्मिड मिळालेली पेशी ते तोडून टाकते आणि जगते. पण प्लास्मिड आत आलं म्हणून एन्झाइम त्याच क्षणी तयार नसतं. ते बनायला वेळ लागतो, तो हा एक तास. त्यानंतर सगळ्या पेशी अँपिसिलिन घातलेल्या अगरच्या थाळीवर पसरायच्या आणि रात्रभर उबवायच्या. सकाळी प्रत्येक वाचलेल्या पेशीची ठिपक्याएवढी कॉलनी झालेली असते.

निवडीची ही कल्पना या तंत्राच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे. 1973 मध्ये स्टॅनफर्डमधले स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोतले हर्बर्ट बॉयर यांच्या गटांनी पीएससी101 हे प्लास्मिड वापरलं. त्यावर टेट्रासायक्लिनला दाद न देणारं जनुक होतं आणि इको-आर-वनची कापायची जागा एकच. कात्रीही एकच, म्हणजे रिकामी मिटलेली वर्तुळं भरपूर येणार हे ठरलेलंच. त्यांनी आत घातलेला तुकडा होता कॅनामायसिनला दाद न देणाऱ्या जनुकाचा. मग दोन्ही प्रतिजैविकं एकाच थाळीत. रिकामं वर्तुळ मिळालेली पेशी कॅनामायसिननं मेली, काहीच न मिळालेली दोन्हींनी. उरल्या त्या जोडकामासकटच्या.

आपल्या हिरव्या जनुकाकडे असं कवच नाही. अँपिसिलिनच्या थाळीवर रिकामं प्लास्मिड घेतलेली पेशीही तितक्याच जोमानं वाढते. इथे पीयूसी19 ची दुसरी सोय कामाला येते, आणि मला या सगळ्यात ती सर्वांत लोभस वाटते. ई. कोलायकडे दुधातली साखर फोडणारं एक एन्झाइम असतं. डीएच5अल्फाच्या त्या एन्झाइमच्या जनुकातला सुरुवातीचा छोटा भाग काढून टाकलेला आहे, त्यामुळे एन्झाइम निकामी. हरवलेला तेवढाच तुकडा पीयूसी19 वर आहे. दोन्ही अर्धवट भाग एका पेशीत आले की एकमेकांना सावरतात आणि एन्झाइम चालू होतं. अगरमध्ये एक्स-गाल नावाचं रंगहीन द्रव्य मिसळलेलं असतं. चालू एन्झाइम ते फोडतं आणि त्यातून निळीच्या जातीचा रंग तयार होतो, शेतातल्या निळीचा सख्खा भाऊ. कॉलनी निळी होते. सोबत आयपीटीजी नावाचं द्रव्यही घालतात, ते त्या जनुकाची कळ दाबून धरतं.

आपण जिथे कापलं, ती जागा नेमकी या छोट्या तुकड्याच्या पोटात आहे. रिकामं वर्तुळ पुन्हा मिटलं तर तुकडा अखंड, कॉलनी निळी. मध्ये 720 अक्षरांचं जनुक घुसलं तर तुकडा मोडला, कॉलनी पांढरी. जेलवर न दिसलेली ती एकाच जागी कापलेली वर्तुळं इथे निळ्या ठिपक्यांच्या रूपानं समोर येतात. थाळी तासभर फ्रिजमध्ये ठेवली तर निळा रंग आणखी गडद होतो आणि फिकट निळ्याला पांढरं समजण्याची चूक टळते.

एका थाळीवरून मात्र काहीच ठरवायचं नसतं. तिच्या सोबत तुलनेच्या थाळ्या लागतात. समजा, असा निकाल आला. डीएनए न दिलेल्या पेशींच्या थाळीवर शून्य कॉलन्या. कापलेलं प्लास्मिड लायगेजशिवाय दिलं तिथे 3. कापलेलं प्लास्मिड लायगेजसह पण जनुकाशिवाय दिलं तिथे 20. आणि खऱ्या थाळीवर 160, त्यांतल्या 18 निळ्या, 142 पांढऱ्या. आता हे वाचू. शून्य सांगतं की अँपिसिलिन काम करतंय. अगर 50 अंशांखाली निवायच्या आत अँपिसिलिन ओतलं तर ते उष्णतेनं नासतं, आणि या थाळीवर जीवाणूंची हिरवळ उगवते. तसं झालं असतं तर उरलेल्या सगळ्या थाळ्या फेकाव्या लागल्या असत्या. 3 म्हणजे मुळीच न कापलेली वर्तुळं, अगदी थोडी. 20 मधून ते 3 वजा केले तर 17. ही प्रामुख्यानं एकाच कात्रीनं कापलेली, टाका पडून मिटलेली. खऱ्या थाळीवरच्या 18 निळ्या या 20 शी जवळपास जुळतात, म्हणजे हिशेब लागतो. आणखी एका थाळीवर अखंड प्लास्मिडचा 0.1 नॅनोग्रॅम दिला होता आणि तिथे 500 कॉलन्या आल्या, म्हणजे एका मायक्रोग्रॅमला 50 लाख. या प्रयोगापुरत्या पेशी चांगल्या आहेत. ही थाळी रिकामी असती तर दोष लायगेजला द्यायचं कारण नव्हतं, दोष पेशींत होता.

आपण नळीतला पाव हिस्सा घेतला होता, म्हणजे 425 कोटी वर्तुळं. त्यांतून 160 कॉलन्या आल्या. अडीच कोटींहून जास्त वर्तुळांमागे एक कॉलनी.

थाळी दुसऱ्या दिवसापर्यंत उबवणीत विसरली तर मोठ्या कॉलन्यांभोवती बारीक बारीक पांढऱ्या कॉलन्यांचा घेर उगवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो खजिना वाटतो, कारण हव्या तशा पांढऱ्याच दिसतात. मोठ्या कॉलनीनं बाहेर सोडलेल्या एन्झाइमनं आसपासचं अँपिसिलिन संपवलेलं असतं आणि त्या आडोशाला प्लास्मिड नसलेल्या पेशी वाढलेल्या असतात. त्या उचलून ताज्या अँपिसिलिनच्या द्रवात टाकल्या की दुसऱ्या सकाळी द्रव स्वच्छच राहतो. म्हणून सोळा-अठरा तासांत थाळी बाहेर काढायची आणि सुट्या, ठसठशीत कॉलन्याच उचलायच्या.

पांढरी कॉलनी म्हणजे आपलंच जनुक, असंही नाही. कापलेल्या टोकाची दोन-चार अक्षरं कुरतडली जाऊन वर्तुळ मिटलं तरी तुकडा बिघडतो आणि कॉलनी पांढरी होते. म्हणून सहा-आठ पांढऱ्या कॉलन्या वेगवेगळ्या वाढवतात, त्यांतून प्लास्मिड काढतात आणि त्याच दोन कात्र्यांनी पुन्हा कापतात. या वेळी जेल खोटं बोलत नाही. 2600 च्या थोडा वर एक पट्टा आणि 720 च्या आसपास दुसरा असे दोन पट्टे दिसले तर जनुक आत आहे. एकच पट्टा दिसला तर वर्तुळ रिकामं.

दोन पट्टे मिळाल्यावर निळ्या प्रकाशाखाली कॉलनी धरली आणि ती हिरवी चमकली नाही, असंही होतं. जनुक आत आहे, दिशाही बरोबर, तरी अंधार. पेशी डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते, आणि प्लास्मिडवर आधीच सुरू झालेलं वाचन जनुकाच्या पहिल्या अक्षरापाशी गट मोडून पोचलं तर पुढची सगळी अक्षरं निरर्थक वाचली जातात. जनुकाच्या डोक्याशी एखादं अक्षर कमी-जास्त करून किंवा रायबोसोमला बसायची स्वतंत्र जागा देऊन हे सुधारता येतं, पण त्यासाठी पीसीआरच्या पायरीपर्यंत मागे जावं लागतं. ही गणना कात्री हातात घेण्याआधी कागदावर करणारे लोक मला नेहमी जास्त आवडले आहेत.

शेवटी क्रमवाचन. जोडाच्या अलीकडून पलीकडे एकेक अक्षर वाचून घेतात, कारण पीसीआरनं प्रती काढताना एखादं अक्षर चुकलेलं असू शकतं आणि ते पट्ट्यांवर दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावर जनुकाच्या अलीकडे AAGCTT आणि पलीकडे GAATTC दिसतं. हे आपल्या दोन कात्र्यांचे शब्द, टाके घातल्यावर पुन्हा जसेच्या तसे जुळून आलेले. उद्या हेच जनुक दुसऱ्या प्लास्मिडमध्ये हलवायचं झालं तर याच दोन जागी कात्री लावून ते अलगद बाहेर काढता येतं.